हंगाम संपताना भाजीवाल्या मावशीचं देणं

विदर्भातल्या मोर्शी तालुक्यात आमच्या गावात भाजीचा हंगाम बाजारांनी मोजतात. दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजारापासून अक्षय तृतीयेपर्यंत साधारण २८ आठवडी बाजार होतात. त्यानंतर विहिरी तळाला जातात, उन्हानं पालेभाजी तासाभरात मान टाकते आणि माझी भाजीवाली मावशी दसऱ्यापर्यंत बाजारात दिसत नाही. १४ वर्षं मी तिच्याकडूनच भाजी घेते. वांगे, भेदरं म्हणजे टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, तुरीच्या शेंगा, ढेमसं, जे तिच्या वाडीत होतं ते, आणि जे होत नाही ते ती पहाटे हर्रासात बोली लावून आणते.

तिचे उपकार मानायचे तर अडचण अशी, की तिला काहीही दिलं तरी ते पिशवीतून परत येतं. एका वर्षी शेवटच्या बाजारी मी तिच्या हातात ५०० रुपये ठेवले आणि लुगडं घ्या म्हटलं. तिनं घेतले. पुढच्या हंगामात कितीतरी आठवडे माझ्या पिशवीत दर बाजारी किलो-दीड किलो जास्तीचा माल पडत राहिला आणि पैसे विचारले की ती मान हलवायची. तिनं ते ५०० फेडून टाकले. मी दिलं ते आभार म्हणून, तिच्या मनात ते उधारी म्हणून लागलं. तेव्हापासून मी हे जरा विचारानं करते. खाली लिहिलेला क्रम त्यातून आलेला आहे. तुमची मावशी वेगळी असेल, पण ज्या चुका होतात त्या बहुतेक याच असतात.

होळीच्या बाजारी विचारून ठेवा

शेवटचा बाजार कोणता हे आधीपासून कुणालाच ठाऊक नसतं, मावशीलाही नाही. ते विहिरीवर असतं. मालाकडे पाहून अंदाज येतो. संक्रांतीनंतर तुरीचे सोले संपत येतात. माघात सांभाराला दांडा फुटतो, पांढरी फुलं दिसायला लागतात आणि मेथीची पानं कडवट होतात. होळीच्या सुमारास फुलकोबीचे गड्डे पिवळे आणि सैल पडले, की घरच्या वाडीचा माल सरत आला असं समजायचं. त्यानंतर टोपल्यात जे दिसतं त्यातलं बरंचसं हर्रासातून आलेलं असतं, म्हणजे तिचा नफा कमी आणि उन्हात सुकून होणारं नुकसान जास्त.

म्हणून मी होळीच्या बाजारी विचारते, "मावशी, आता किती बाजार राह्यले?" ती म्हणते, "पानी राह्यलं तं अक्षय तृतीयेलोक येतो. नाई तं रामनवमीचा शेवटचा." एवढ्यावर मला फार तर सहा-सात आठवडे मिळतात. त्याच वेळी आणखी एक विचारून घेते, की तिचे बाजार कोणत्या कोणत्या वारी असतात. आमची मावशी आठवड्यात चार गावांचे बाजार करते आणि एक दिवस हर्रासाला जातो. उरलेल्या दोन दिवसांत तिचं घर, वाडीची निंदणी, सारं असतं. तिला घरी बोलवायचं तर यातलाच एक दिवस धरावा लागतो. हे न विचारता मी एकदा तिला बोलावलं होतं. ती आली, पण त्यासाठी तिनं एक बाजार बुडवला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवसाचा धंदा गेला तो माझ्या पाहुणचारापायी.

आधी खातं मिटवा

उधारी बाकी असताना दिलेली भेट वाईट दिसते. तिला वाटतं पैशांऐवजी हे आलं, किंवा आता पैसे मागायचे कसे या संकोचात ती पडते. म्हणून खातं मिटवणं हे वेगळं काम आहे आणि ते भेटीच्या किमान एक बाजार आधी झालं पाहिजे.

तिचं खातं डोक्यात असतं. माझं कॅलेंडरवर असतं, त्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलनं लिहिलेलं. मी आधी तिचा आकडा विचारते, माझा सांगत नाही. मागच्या साली ती म्हणाली, "तीनशे चाळीस असतीन." माझ्या कॅलेंडरवर ३८५ होते. पौषातल्या एका बाजारी मी घाईत शेंगा घेतल्या होत्या, ते ४५ रुपये ती विसरली होती. मी तारीख सांगितली, कोणता माल ते सांगितलं आणि ३८५ दिले. दोन आकड्यांत जास्तीचा असेल तो द्यायचा, पण तो कशाचा आहे हे सांगून. नुसते जास्त पैसे दिले तर ती घेत नाही. आणि "वरचे राहू द्या" हे तर म्हणूच नये. ती दुकानदार आहे, तिच्या मालाला भाव आहे. त्या भावावर वरचे पैसे ठेवले की तिला ती बक्षिसी वाटते.

जे तिनं स्वतःहून सोडलं त्याचा हिशेब करू नका. ४७ चे ४५ घेतले, वरून सांभाराची जुडी टाकली, पोरांना गाजर दिलं, असं २८ बाजारांत बरंच होतं. मी एकदा तेही जोडून पाहिलं आणि तिला म्हटलं, मावशी, तुमचे माझ्याकडे इतके निघतात. तिचा चेहरा उतरला. ते तिनं आपलेपणानं दिलेलं होतं आणि मी त्याला भाव लावला.

पैसे शक्यतो रोख आणि तिच्याच हातात द्या. आता तिच्या ताजव्याशेजारी क्यूआर कोडची पाटी असते, पण ते खातं मुलाचं आहे. मोबाइलवरून दिलेले पैसे मुलाकडे जातात, मग घरात विचारून तिला मिळतात. रोजच्या भाजीला ते ठीक आहे. वर्षाची बाकी तिच्या कमरेच्या बटव्यात गेली पाहिजे.

काय द्यायचं

साडी देणं वाईट नाही, पण तिच्याकडे लग्नाकार्यात आलेल्या साड्यांची चळत असते आणि त्या पुढे आहेरात फिरतात. द्यायचीच तर आधी पाहून घ्या, ती नऊवारी नेसते की गोल साडी. वयस्क बाया अजून लुगडं नेसतात आणि पाचवारी त्यांना निरुपयोगी असते. बाजारात बसणारीला सुती हवं, कारण चैत्रात दिवसभर उन्हात सिंथेटिक अंगाला चिकटतं. मिठाई-चिवडा देऊ शकता, तो नातवंडांच्या हाती जातो आणि तिथं संपतो, तेही चांगलंच.

मला मात्र असं वाटायचं की बाजारातला तिचा त्रास कमी होईल असं काही द्यावं. तिचा सगळ्यात मोठा त्रास दुपारचं ऊन हा आहे. आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणून काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या बाजारी मी तिला मोठी छत्री दिली, हातगाडीवर लावतात तशी, लोखंडी दांड्याची. ती महिनाभरही टिकली नाही. दुसऱ्याच आठवड्यात वावटळ आली आणि दांडा वाकला. ऑटोत टोपल्यांबरोबर ती मावत नव्हती, तिचे वेगळे पैसे पडायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिची सावली मावशीवर पडतच नव्हती.

हे मला दोन बाजार तिच्या शेजारी बसून पाहिल्यावर समजलं. बाजार भरतो दुपारी आणि गर्दी होते चारनंतर. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बाराच्या सुमारास सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सावली बरोबर खाली पडते. तीन वाजता ७ फूट उंच आडोशाची सावली जवळजवळ ६ फूट पूर्वेला सरकलेली असते. चार वाजता ती ९ फुटांच्याही पुढे जाते. मावशीची जागा ६ फूट रुंद. म्हणजे ऐन धंद्याच्या वेळी छत्रीची सावली पलीकडच्या कांदे-लसणाच्या दुकानावर होती, आणि कांद्याला तिची तेवढी गरज नव्हती. ऊन येत होतं पश्चिमेकडून, आडवं. त्याला छत नाही, पडदा लागतो.

मागच्या साली मग मी शेडनेट घ्यायचं ठरवलं. संत्र्याच्या रोपवाटिकांमुळे ही नेट आमच्याकडे सहज मिळते. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट तर रोपवाटिकांसाठीच ओळखलं जातं. ताडपत्रीपेक्षा नेट बरी, कारण तिच्यातून वारा जातो. ताडपत्री वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि बांबूसकट उचलते, शिवाय तिच्याखाली गरम हवा कोंडते. ताडपत्री पावसाळ्याची, नेट उन्हाळ्याची.

नेट घेताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे रंग, आणि ती मला दुकानदारानं नाही, मावशीनं सांगितली. मी हिरवी घेणार होते, सगळे तीच घेतात. ती म्हणाली, "हिरव्याखाली भेदरं कायं दिसते वो. गिऱ्हाईक म्हन्ते सडलं." तिचं बरोबर होतं. हिरव्या जाळीतून येणारा उजेड हिरवट असतो आणि त्यात लाल रंग मळकट दिसतो. निळ्या ताडपत्रीखालीही मालाचा रंग असाच बदलतो. पांढऱ्या नेटखाली भेदरं लाल आणि वांगं जांभळंच दिसतं. पांढरी नेट थोडी शोधावी लागते, पण भाजीच्या दुकानाला तीच हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे जाळी किती दाट असावी. नेटवर ५०, ७५, ९० असे टक्के असतात, तेवढं ऊन ती अडवते. पालेभाजीला ५० टक्के कमी पडते. ९० टक्के घेतली तर दिवस कलल्यावर आत अंधारून येतं आणि लवकर बल्ब लावावा लागतो. मी ७५ ची घेतली.

तिसरी गोष्ट माप. नेटचा ताका बहुधा ३ मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ १० फूट. मावशी उत्तरेकडे तोंड करून बसते, गिऱ्हाईक समोरून येतं, डाव्या हाताला पश्चिम. दुकानाची रुंदी ६ फूट आणि बांबूची उंची ७ फूट. डोक्यावरून ६ फूट छत आणि तिथून पश्चिमेला जमिनीपर्यंत ७ फूट पडदा, मिळून १३ फूट, म्हणजे ४ मीटर. पडदा अर्धाच सोडला तर उपयोग होत नाही. चार वाजताचं ऊन ३ फूट उंचीच्या फटीतून ४ फूट आत येतं, म्हणजे पश्चिमेकडची टोपली पूर्ण उन्हात. तुमच्या मावशीचं तोंड दुसरीकडे असेल तर हे माप बदलेल. उदाहरणार्थ ती पश्चिमेकडे तोंड करून बसत असेल तर पडदा गिऱ्हाइकाच्याच तोंडावर येईल, तो लावता येणार नाही, आणि मग नेट देण्यात अर्थ नाही. तिथं चांगल्या तागाचे दोन-चार बारदाने द्या. ओला बारदाना पालेभाजीवर टाकला की आमच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि माल थंड राहतो. ओलावा मात्र दर अर्ध्या-पाऊण तासानं पाहावा लागतो.

नेट तशीच दिली तर कडा उसवतात. मंडपाचं काम करणाऱ्याकडून चारही कडांना नवारीची पट्टी शिवून घेतली आणि पट्टीवर दर २ फुटांवर पितळी कड्या ठोकल्या. कड्या नुसत्या जाळीत ठोकल्या तर पहिल्या वाऱ्यात फाटून निघतात. सोबत सुती दोरीचे तुकडे दिले, नायलॉनचे नाही. संध्याकाळी अंधारात गाठ सोडायची असते आणि नायलॉनची गाठ घट्ट झाली की तिच्या बोटांना सुटत नाही. नेट, शिलाई, कड्या, दोरी सगळं मिळून मला ७०० रुपयांच्या आतबाहेर पडलं. घडी केली की भाजीच्या पिशवीत मावते आणि वजन दोन किलोंच्या आत आहे.

अशी कामाची वस्तू लपवून, अचानक देऊ नका. रंग तिनं सांगितला नसता तर माझे दुसऱ्यांदा पैसे वाया गेले असते आणि तिला ते बोलताही आलं नसतं. मी सरळ विचारलं, मावशी, उन्हाचा आडोसा करायचा आहे, कसा पाहिजे? तिनं दोन वेळा नको म्हटलं, तिसऱ्यांदा माप दाखवलं.

केव्हा द्यायचं

कामाची वस्तू शेवटच्या बाजारी देऊ नका. ती घरी माळ्यावर जाते आणि पुढच्या हंगामापर्यंत पडून राहते, तिथं उंदीर असतात. पाडव्याच्या आधी दिली तर उन्हाचे पाच-सहा बाजार तिच्या कामी येते आणि काही कमी-जास्त असेल तर दुरुस्तही होते. आमच्या नेटला पहिल्या बाजारात कळलं की खालच्या कडेला वजन हवं, नाहीतर पडदा उडून टोपल्यांवर येतो. तिनं दोन्ही कोपऱ्यांना वाळूची छोटी पिशवी बांधली.

दिवसातली वेळही पाहावी लागते. दुकान मांडल्यावर बोहनी होईपर्यंत तिच्याकडे कोणतीही भेट, कोणतंही बोलणं नेऊ नये. पहिला व्यवहार रोखीचा आणि विनातक्रार व्हावा अशी तिची इच्छा असते. चार ते सात गर्दी. आठ वाजता ऑटोवाला हॉर्न वाजवतो आणि ती टोपल्या भरत असते. मोकळी वेळ एकच, बाजार भरल्यावरचा पहिला तास-दीड तास, बोहनी झाल्यानंतर. तेव्हा गिऱ्हाईक तुरळक असतं. मी नेट तेव्हाच नेली आणि माझ्या मुलानं ती बांधूनही दिली.

आजूबाजूच्यांचा विचार करा. बाजारात ओळीनं दहा बाया बसलेल्या असतात आणि त्यातल्या तीन-चार जणींकडून मीही कधीमधी माल घेते. साऱ्यांसमोर एकीला साडीची पिशवी दिली तर तिलाच अवघडतं. नेटचं तसं होत नाही, ती सामान म्हणून दिसते. बाकी जे द्यायचं ते घरी.

जेवायला बोलवा

आमच्या भागात उपकार मानण्याची खरी रीत जेवणाची आहे. शेवटच्या बाजारानंतरच्या आठवड्यात, तिचा मोकळा दिवस पाहून मी तिला आणि सुनेला बोलावते. सून हवीच. घरात मावशीच्या बाजाराला धंदा म्हणून कुणी मोजत नाही, म्हातारी जाते आपली, असं असतं. गिऱ्हाईक तिच्याबद्दल काय बोलतं ते सुनेच्या कानावर पडलं पाहिजे.

स्वयंपाकात भाजी हा मुख्य पदार्थ ठेवू नका. संध्याकाळी जे खपत नाही तेच ती वर्षभर घरी रांधते. पिळपिळीत भेदरं, किडकं काढून उरलेलं वांगं, हे तिचं रोजचं जेवण. आपण तिला प्रेमानं वांग्याची भाजी वाढायची, हे मला बरोबर वाटत नाही. अक्षय तृतीयेच्या सुमारास आंबा आलेला असतो. मी आमरस, सरगुंडे, कुरडया आणि कढी करते. रस मनसोक्त वाढायचा, वाटी रिकामी व्हायच्या आधी पुन्हा भरायची. पाट मांडून, आधी तिला, मग घरातल्यांना.

ती रिकाम्या हातानं येणार नाही. कोहळं किंवा वाळलेल्या मिरच्या आणेल. ते घ्यायचं आणि पैशाचा विषय काढायचा नाही. जेवणाची फेड कोहळ्यानं झाली की तिचं मन मोकळं होतं आणि हिशेब पुढच्या हंगामात जात नाही. ५०० रुपयांचं जे झालं ते याच कारणानं, मी तिला फेडायला जागाच दिली नव्हती.

ओटी भरायची असेल तर एक नाजूक गोष्ट आहे. बाजारात बसणाऱ्या कितीतरी बाया विधवा आहेत. नवरा गेला म्हणूनच बाजारात आल्या. आमची मावशीही त्यातलीच. पहिल्या वर्षी मी सासूच्या सांगण्यावरून तिला नुसता खण दिला आणि सुनेची ओटी भरली. सुनेला कुंकू लावताना मावशी उठून अंगणात गेली. तो प्रसंग मी विसरू शकत नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची चर्चा आमच्याकडेही झाली आणि सासूचं मन थोडं वळलं. आता मी आदल्या बाजारी मावशीला हळूच विचारते, ओटी भरली तर चालेल ना? ती म्हणाली, "ओटी भर, कुंकू राहू दे." मी तसंच करते, गहू, नारळ, खण, आणि कपाळाला अबीर. तिनं पूर्ण नको म्हटलं असतं तर नारळ हातात दिला असता. ठरवायचं तिनं, आपण फक्त विचारायचं, तेही चारचौघींसमोर नाही.

बोलायचं काय

"धन्यवाद" किंवा "आभारी आहे" हे शब्द आमच्याकडे सभेत माईकवर बोलतात. ते घरात म्हटलं तर मावशी गोंधळते, तिला वाटतं ही आता भाजी घेणं बंद करणार. "तुम्ही फार चांगल्या" हेही पोचत नाही. त्यापेक्षा तिनं केलेल्या एक-दोन कामांची, केव्हाची ते सांगून, आठवण काढावी.

मी मागच्या साली दोन सांगितल्या. एक म्हणजे २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद झाले, तेव्हा ती नातवाच्या सायकलला टोपली बांधून गावात आली होती आणि भाव तिनं वाढवला नव्हता. दुसरी सासूच्या दुखण्यातली. सासूला पथ्याचं खायला सांगितलं होतं, तेव्हा तीन महिने मावशीनं कोवळे दोडके न विचारता बाजूला काढून ठेवले, मी उशिरा पोचले तरी. हे मी सुनेकडे पाहून सांगितलं, मावशीकडे पाहून नाही. समोरासमोर कौतुक केलं की ती "काहाले वो" म्हणून विषय मोडते. सुनेला सांगितलं तेव्हा मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोडके तं मी इसरलोच होतो."

तुम्हाला अशी आठवण सुचत नसेल तर कॅलेंडर चाळा. ज्या बाजारी आजारपण, पाहुणे, लग्न होतं, तिथं बहुतेक तिचं काही ना काही सापडतं.

संत्रेवाल्याचं थोडं वेगळं

फळवाला असेल तर हंगाम वेगळा मोजावा. संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराचा माल दसरा-दिवाळीपासून थंडीत येतो, मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. आमचा संत्रेवाला भाऊ दोन्ही विकतो, म्हणून त्याचं देणं मृगाचा माल संपला की करायचं, आंबियानंतर नाही. त्याला दुपट्टा-टोपी आणि घरी जेवण एवढं पुरतं. त्याचं खातं मोठं निघतं, कारण त्याच्याकडून आपण पाहुण्यांना पाठवायला पेटीच्या हिशेबानं घेतो. ते मात्र कागदावर लिहून मिटवा, बापलेकांपैकी कुणी दिलं आणि कुणी घेतलं यात गोंधळ होतो.

त्यानंतर

जेवण झालं, आता ती दसऱ्यापर्यंत भेटणार नाही. मे महिन्यात एकदा फोन करते, विहिरीला पाणी किती आहे हे विचारायला. नेट धुऊन, पूर्ण वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून गुंडाळायला सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्याआधी कड्यांपाशी नवार उसवली आहे का ते पाहते, उसवली असली तर दोन टाके घालून देते.

नव्या हंगामाच्या पहिल्या बाजारी मी लवकर जाते, बोहनी करते. सुटे पैसे नेते, भाव विचारते तेवढाच देते, कमी-जास्त करत नाही. ती वरून काही टाकायला लागली तर एक सांभाराची जुडी घेते, बाकी टोपलीत परत ठेवते. मागच्या दसऱ्यानंतर तिनं माझ्याकडे पाहिलं, जुडी पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागली.